चंद्याची वही हाती घेतेस, तर एवढं ऐक

अगं, मंडळानं यंदा गणपतीच्या चंद्याची वही तुझ्याकडे दिली म्हणे. छान झालं. पण आपल्या आदिलाबादेत दारोदार चंदा मागायला जाण्यापेक्षा आलेला चंदा नीट लिहून ठेवणं जास्त अवघड आहे, म्हणून तू पहिली पावती फाडायच्या आधीच बोलून घेते.

वही बांधीव घे, सुटे कागद नकोत. पानांवर आधीच क्रमांक टाक. आणि वहीत नोंद करायची ती पावतीच्या क्रमांकानं, माणसाच्या नावानं नाही. पन्नास पावत्यांचं पहिलं पुस्तक १ ते ५०, दुसरं ५१ ते १००, असं धर. कुठलं पुस्तक कोणाकडे दिलं, कोणत्या तारखेला, त्याची सही, हे वहीच्या पहिल्या पानावर हवं. पोरं चार गल्ल्यांत चार पुस्तकं घेऊन फिरतात. परत येताना एखादं पुस्तक आलंच नाही, तर ते याच पानावरून कळतं.

मग रकाने. जास्त नकोत, सहा पुरे. एका संध्याकाळचं पान असं दिसेल:

| पावती क्र. | तारीख | देणगीदार, गाव/गल्ली | रक्कम (रु.) | कसे दिले | शेरा |
|---|---|---|---|---|---|
| २१ | ५ | शेतकरी, बेला | ५०१ | रोख | |
| २२ | ५ | किराणा दुकान, बाजार गल्ली | १,१०० | फोनवरून | संदर्भ क्रमांक |
| २३ | ५ | रद्द | – | – | दोन्ही प्रती पुस्तकात |
| २४ | ५ | शिक्षक, जैनथ | १,१०१ | रोख | |
| २५ | ५ | गुप्तदान | १,००० | फोनवरून | संदर्भ क्रमांक |
| २६ | ५ | अडत दुकान | ५,००१ | धनादेश | क्रमांक, बँक |

मी इथं नावं टाकलेली नाहीत. तू मात्र पूर्ण नाव लिहायचं. आपल्याकडे एक अडचण हमखास येते. मराठी घरात आडनाव शेवटी सांगतात, तेलुगू घरात घराण्याचं नाव आधी आणि तेही बहुतेक वेळा एका अक्षरात. एकच माणूस एका पोराला एका पद्धतीनं आणि दुसऱ्याला दुसऱ्या पद्धतीनं नाव सांगतो, आणि वहीत दोन देणगीदार तयार होतात. म्हणून नाव तो सांगेल तसंच लिही, पण गाव किंवा गल्ली सोडू नकोस. गुप्तदान असलं तरी पावती फाडायचीच. नाव लपेल, क्रमांक लपता कामा नये.

२३ नंबरची पावती बघ. खाडाखोड झाली म्हणून पोरं कागद चुरगळून फेकतात. तसं करू देऊ नकोस. मूळ पावती आणि तिची कार्बन प्रत दोन्ही पुस्तकातच राहू देत, वर ‘रद्द’ लिहून. क्रमांकात भोक पडलं की गावात कुजबुज सुरू होते, आणि तेव्हा उत्तर द्यायला हातात काही नसतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा रकाना, ‘कसे दिले’. रोज रात्री वहीची एकच बेरीज करून झोपू नकोस, तीन बेरजा कर. वरच्या पानावर रोख १,६०२, फोनवरून २,१००, धनादेश ५,००१, एकूण ८,७०३. मग डब्यातली रोकड मोज आणि बँकेच्या खात्यात आजचे जमा बघ.

समज, डब्यात २,६०२ निघाले आणि खात्यात फक्त १,१०० आले. एकूण जुळतंय, पण डब्यात हजार जास्त आणि खात्यात हजार कमी. म्हणजे पैसा कुठं गेलेला नाही. २५ नंबरचे हजार रोख आलेत आणि लिहिणाऱ्यानं रकाना चुकवलाय. चूक गिरगटू नकोस, व्हाइटनर तर मुळीच लावू नकोस. जुन्या शब्दावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर शब्द, आणि दोघांची सही.

एकूणच जुळत नसेल, तर फरकाकडे बघ. फरक एखाद्या पावतीच्या रकमेएवढाच असेल, तर ती पावती वहीत चढवायची राहिलीय किंवा तिचे पैसे अजून हाती आलेले नाहीत. फरकाला नऊनं पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा दोन आकडे उलटसुलट लिहिले गेलेत. १,५१० च्या जागी १,१५० लिहिलं, तर फरक ३६० येतो. आधी अशाच पावत्या शोध, मग माणसांना विचार.

फोनवरच्या पैशाबद्दल एक सांगते. समोरच्यानं फोनवरचं हिरवं चिन्ह दाखवलं, म्हणजे पैसे आले असं नाही. पाठवलेला फोटो जुनाही असू शकतो. खात्यात जमा झाल्याचं दिसल्यावरच पावती फाड, आणि यूपीआयचा बारा अंकी संदर्भ क्रमांक शेऱ्यात लिही. क्यूआर कोड मंडळाच्याच खात्याचा असू दे. पैनगंगेपलीकडे यवतमाळ-चंद्रपुराकडे दिलेल्या आपल्या पोरी फोनवरूनच पाठवतात. त्यांची पावती फाडून तिचा फोटो त्यांना पाठव. धनादेशाचं तसंच: हाती आला तेव्हा लिही, पण वटल्याची तारीख शेऱ्यात आल्याशिवाय तो पैसा खर्चाच्या हिशेबात धरू नकोस.

आणि कबुली. गणपती येतात भाद्रपदात; तेव्हा आपल्या शेतातला कापूस अजून बोंडात असतो. वेचणी त्यानंतर, बाजार समितीत विक्री त्याहून पुढं. त्यामुळे ‘लिहून घ्या माझे पाचशे, कापूस विकला की देतो’ असं सांगणारे खूप निघतात. माणूस खोटं बोलत नसतो, त्याच्या हातात खरंच पैसा नसतो. तरी त्याची पावती फाडू नकोस. वहीच्या शेवटी कबुलीची वेगळी यादी ठेव: नाव, गाव, रक्कम, कधी देणार. पैसे आले की त्या दिवसाच्या तारखेची पावती, आणि यादीत तिचा क्रमांक. लाडूच्या लिलावातली बोलीही याच यादीत. बोली कितीही मोठी लागो, पैसा येईपर्यंत ती कबुलीच असते. मंडप-डेकोरेशनवाल्याला आगाऊ देताना कबुलीचे आकडे धरून चाललं, की विसर्जनानंतर उधारी अंगावर येते.

महाप्रसादाला कोणी तांदळाचं पोतं देईल, कोणी तूरडाळ, कोणी तेलाचा डबा. ते वेगळ्या पानावर, किलो आणि लिटरमध्ये. त्याची किंमत रुपयांच्या रकान्यात घातलीस, तर रोकड कधीच जुळणार नाही.

विसर्जन झालं की चार-पाच दिवसांत वही मिटव. उरलेल्या कोऱ्या पावत्यांवर रेघ मार, कार्बन प्रतींसकट पुस्तकं जपून ठेव. रोख, फोन आणि धनादेश असे तीन आकडे, खर्च, शिल्लक आणि बाकी कबुली एका कागदावर काढून मंडपाजवळ लाव. कोणी चंदा घेण्यात नव्हता अशा दोघांना वही तपासू दे आणि शेवटच्या पानावर त्यांची सही घे. पुढच्या वर्षी वही दुसऱ्या कोणाकडे गेली, तरी त्याला ती बाकी कबुलीची यादी पहिल्याच दिवशी दे.