ताई डबा विसरली

मातृभाषेच्या वर्गात मुलांचीच वाक्यं घेऊन विभक्ती शिकवायची असेल, तर आधी मंडळातल्या मोठ्या माणसांचं काय करायचं ते ठरवा. मुलांचं सोपं असतं. चेन्नईतल्या एका रविवारच्या मराठी वर्गात मला हे शिकायला मिळालं. मंडळाचं नाव लिहीत नाही, कारण उद्या परत त्याच जिन्यात सगळे भेटणार आहेत.

वर्ग कसा असतो ते बाहेरगावच्या मराठी माणसाला सांगायला नको. सावकारपेठेतल्या गलाईवाल्यांची मुलं, म्हणजे मूळची विटा-खानापूरकडची. ओएमआरवर आयटीत नोकरीला आलेल्या पुण्याकडच्यांची मुलं. आणि तंजावरच्या मराठी घराण्यांतली एकदोन, ज्यांच्या घरी मराठी व्यंकोजीराजांच्या काळापासून आहे. शाळेत सगळ्यांना तमिळ. खेळायला तमिळ, भांडायला तर तमिळच.

मला तृतीया शिकवायची होती, त्यातलाही एकच प्रत्यय, 'ने'. व्याकरणाच्या पुस्तकातला 'ने, ए, शी, नी, ही' हा रांगेतला तक्ता मी मुद्दाम बाजूला ठेवला. त्यातला 'ए' आणि 'ही' या मुलांनी आयुष्यात उच्चारलेला नाही. याउलट 'ने' त्यांना रोज लागतो आणि रोज निसटतो. तो का निसटतो, हे त्यांच्याच बोलण्यातून दाखवायचं होतं.

वाक्यं गोळा करताना पहिली अडचण लगेच कळते. मुलाला बोलतं केलं की तो स्वतःबद्दल बोलतो. 'मी डबा खाल्ला, मी चित्र काढलं, तू माझं पेन घेतलंस.' आता मी, तू, आम्ही, तुम्ही यांना 'ने' लागत नाही. अशी वहीभर वाक्यं जमवलीत तरी 'ने' एकदाही सापडणार नाही आणि तुम्हाला वाटेल, मुलांना सगळं येतंय. म्हणून प्रश्न दुसऱ्याबद्दल विचारायचा. मी विचारलं, 'आज तुमच्या डब्याचं घरात कोणी काय काय केलं?' एवढ्या एका प्रश्नावर वर्ग बोलत सुटला. मुलं जे बोलली ते जसंच्या तसं, न सुधारता वहीत उतरवलं. एक सोय मला आधीच ठाऊक होती. 'डबा' हा शब्द प्रत्यय लागताना नीट बदलतो: डब्यात, डब्याला, डब्याचं. 'बस', 'टीचर', 'ट्यूशन' हे शब्द एकवचनात बहुधा तसेच राहतात, त्यामुळे सामान्यरूप दाखवायला ते निरुपयोगी. मुलांच्या बोलण्यात असले शब्द ढीगभर असतात, म्हणून प्रश्नच असा काढावा की उत्तरात घरचा मराठी शब्द यावाच लागेल.

वाक्यांतून तीन निवडली आणि फळ्यावर लिहिली:

आईनं डबा भरला.
आई डबा भरली.
ताई डबा विसरली.

पहिलं विट्याकडच्या मुलाचं. दुसरं पुण्याकडच्या, पण जन्मापासून इथेच वाढलेल्या मुलीचं. तिसरं दुसऱ्या एका मुलीचं. नावं लिहिली नव्हती. तीनही वाक्यं मुलांनी खरोखर म्हटलेली होती, आणि धडा सगळा दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मध्ये होता.

दुसरं वाक्य कुठून आलं ते उघड आहे. तमिळमध्ये 'अम्मा कट्टिनाळ' आणि 'अक्का मऱन्दाळ' ही दोन्ही वाक्यं एकाच साच्यातली. करणारा तसाच उभा राहतो, त्याला काही चिकटत नाही, आणि क्रियापद त्याच्यामागून जातं. मुलीने तो साचा मराठीत आणला. मराठीत भूतकाळात 'भरणे' आलं की करणाऱ्याला 'ने' लागतो आणि क्रियापद त्याला सोडून डब्याच्या मागे जातं. मात्र 'विसरणे'ला हे लागू नाही. तिथे मराठीही तमिळसारखीच वागते: ताई विसरली, दादा विसरला. म्हणजे तिसरं वाक्य अगदी बिनचूक होतं.

मी मुलांना डब्याच्या जागी बाटली आणि पाणी घालून बघायला सांगणार होते. आईने डबा भरला, बाटली भरली, पाणी भरलं. इथे क्रियापद दर वेळी बदलतं. ताई डबा विसरली, बाटली विसरली, पाणी विसरली. इथे ढिम्म हलत नाही. वस्तू बदलल्यावर क्रियापद बदलत असेल तर 'ने' हवा, बदलत नसेल तर नको. आठ वर्षांच्या मुलाला एवढी कसोटी पुरते. कर्तरी आणि कर्मणी ही नावं पुढच्या वर्षी सांगितली तरी चालतात.

इतक्यात पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "मावशी, विसरली चालतं, मग भरली का नाही?"

शिकवणाऱ्याला असा प्रश्न वर्षातून एखाद्याच वेळी मिळतो. मी तोंड उघडलं आणि मागून आवाज आला.

समितीतले एक गृहस्थ त्या दिवशी 'वर्ग बघायला' येऊन बसले होते. वय, पांढरे केस आणि गावाकडची मॅट्रिक यांच्या बळावर मंडळात शुद्धलेखनाचा शेवटचा शब्द त्यांचा. ते उठले, फळ्यापाशी आले, माझ्या हातातून खडू घेतला. घेतला म्हणजे अक्षरशः काढून घेतला. "हे काय चाललंय? फळ्यावर अशुद्ध?" असं म्हणत त्यांनी पहिल्या वाक्यातलं 'आईनं' खोडून 'आईने' केलं आणि "ही खेडवळ भाषा इथे नको" अशी पुस्ती जोडली. विट्याचा मुलगा खाली मान घालून बसला. त्याचं वाक्य पूर्ण बरोबर होतं. लिहिताना आपण 'ने' लिहितो एवढंच, बोलताना पुण्यातही बहुतेक 'आईनं'च म्हणतात, आणि ते गृहस्थही म्हणतात. दुसरं वाक्य त्यांनी दुरुस्त केलं, ते ठीकच. मग तिसऱ्याकडे वळून त्यांनी तितक्याच ठामपणे लिहिलं: 'ताईने डबा विसरला.'

मी बघतच राहिले. शुद्धतेच्या नावाने आलेल्या माणसाने फळ्यावरचं एक बिनचूक वाक्य सर्वांदेखत चूक केलं होतं. मी हळू आवाजात म्हटलं, "काका, विसरणेला 'ने' लागत नाही." तर म्हणाले, "नियम म्हणजे नियम. भूतकाळात तृतीया." मग प्रश्न विचारणाऱ्या मुलीला, "कळलं ना? सगळीकडे 'ने'." तिने मान हलवली. तिचा प्रश्न तिथेच मेला.

पुढच्या रविवारी तीच मुलगी म्हणाली, "ताईने घरी आली." माझ्या मते एखाद्या चुकीच्या दुरुस्तीचा याहून स्वच्छ पुरावा मिळत नाही. पण तो बघायला गृहस्थ नव्हते. त्यांनी दरम्यान पालकांना निरोप पाठवला होता, की वर्गात चुकीची वाक्यं फळ्यावर लिहिली जातात, म्हणून यापुढे आठही विभक्तींचा छापील तक्ता पाठ करून घेतला जाईल. मला कोणी काही विचारलं नाही. एका पालकांनी मात्र फोन करून विचारलं, "आमच्या मुलीचं वाक्य तुम्ही चारचौघांत चुकीचं म्हणून दाखवलंत का?" तिचं वाक्य चूक ठरवणारी मी नव्हते, हे त्यांना समजावताना माझी संध्याकाळ गेली.

तर ज्यांना असा पाठ घ्यायचा आहे त्यांना काही गोष्टी सांगते.

वाक्यं वहीत जशीच्या तशी लिहा, पण फळ्यावर आणताना नाव तर नकोच, कोणाचं आहे ते ओळखूही येऊ देऊ नका. आमच्या वर्गात 'नं' लिहिल्याबरोबर सगळ्यांनी विट्याच्या मुलाकडे बघितलं. बोलीतलं वाक्य आणि तमिळवरून आलेलं वाक्य शेजारी ठेवायचं असेल, तर आधी वर्गाला सांगा की पहिलं चूक नाही.

कर्त्याचं आणि वस्तूचं लिंग वेगळं ठेवा. 'आई बाटली भरली' असं वाक्य निवडलंत तर क्रियापद आईमागे गेलं की बाटलीमागे, ते तुम्हालाही सांगता येणार नाही. आई आणि डबा, किंवा दादा आणि बाटली. त्याचप्रमाणे पहिल्या पाठात 'आईने बाळाला उचललं' यासारखं वाक्य येऊ देऊ नका. वस्तूला 'ला' लागला की क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही आणि डबा-बाटलीची कसोटी कोलमडते. ते वेगळ्या दिवशी.

'ने' न घेणारी क्रियापदं आपल्याजवळ आधीच लिहून ठेवा: विसरणे, शिकणे, बोलणे, खेळणे, भेटणे, पिणे. मुलांच्या बोलण्यात ती हमखास येतात. 'म्हणणे' मात्र टाळा, ते 'तो म्हणाला' आणि 'त्याने गाणं म्हटलं' असं दोन्हीकडे जातं आणि वर्गाला घोळात घालतं.

'ने'चा दुसरा उपयोग, साधनाचा, त्याच तासाला घेऊ नका, पण वाक्यं जमवून ठेवा. इथली मुलं 'चाकूने कापलं' बरोबर म्हणतात, कारण तमिळमध्येही तिथे वेगळा प्रत्यय आहे. पण 'बसमध्ये आलो' म्हणतात, कारण तमिळमध्ये गाडीला 'बस्‌ल' पुरतं, आणि तो 'ल' घरात, डब्यात या अर्थाचाच असतो. चाकू आणि बस ही जोडी पुढच्या पाठाला तयार आहे.

मुलांशी प्रेमाने वागा, संयम ठेवा वगैरे सगळं आहेच.

आणि वर्ग बघायला कोणी येणार असेल, तर फळ्यावर काय लिहिलं जाणार आहे ते त्याला आदल्या दिवशी कागदावर द्या, खाली सही घ्या, आणि तास संपेपर्यंत बसून राहायचं हे कबूल करून घ्या. अपमान वाटला तर वाटू दे. तो छापील तक्ता आता आमच्या वर्गाच्या भिंतीवर लावला आहे. त्यात आठही विभक्ती आहेत, एकवचन आहे, अनेकवचन आहे. 'ताई डबा विसरली' हे बरोबर का, याचं उत्तर मात्र त्यात नाही.