शब्दाची शेपटी आधी पाहा

गेली अनेक वर्षे मी भरतीच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना मराठी शिकवतो. शब्दसंग्रहाच्या प्रश्नांत जे गडगडतात, त्यांच्याकडे बहुधा सगळ्यांत जाड वही असते. 2023 च्या तलाठी भरतीत 100 प्रश्नांपैकी 25 मराठीचे होते आणि प्रत्येक प्रश्नाला 2 गुण. तिथे एक-दोन शब्दांची गल्लत झाली तरी गुणवत्ता यादीतली जागा हलते.

आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलीने समानार्थी शब्दांची पानेच्या पाने घोकली होती. सराव परीक्षेत प्रश्न आला, ‘वारिद’ म्हणजे काय? पर्याय होते कमळ, ढग, समुद्र आणि मासा. तिच्या वहीत जलज, जलद, जलधी, नीरज, नीरद, वारिज, वारिधी हे सगळे होते, पण पाठोपाठ लिहिलेले. ऐन वेळी सगळे एकमेकांत मिसळले आणि तिने ‘समुद्र’वर खूण केली. तिची मेहनत कुठेच कमी नव्हती. चुकली ती वहीची मांडणी.

हे शब्द दोन तुकड्यांचे आहेत. पुढचा तुकडा पाण्याचा: जल, नीर, वारि, अंबु, पयस्. अर्थ ठरतो तो मागच्या तुकड्यावर. ‘ज’ म्हणजे जन्मलेले, म्हणून पाण्यात जन्मणारे ते कमळ. ‘द’ म्हणजे देणारा, म्हणून पाणी देणारा तो ढग. ‘धर’ म्हणजे धारण करणारा, तोही ढगच. ‘धी’ म्हणजे साठवण्याची जागा, म्हणून समुद्र. आता ‘वारिद’ पाहा. वारि म्हणजे पाणी, द म्हणजे देणारा. उत्तर ढग. ‘अंबुधी’ कधी वाचला नसला तरी तो समुद्र हे कळते. म्हणून मी मुलांना वही शेपटीनुसार लिहायला लावतो: ‘ज’चे एक पान, ‘द’चे दुसरे, ‘धी’चे तिसरे.

पण ही युक्ती डोळे मिटून वापरू नका. शब्द तोडल्यावर दोन्ही तुकड्यांना अर्थ हवा. ‘समाज’ हा शब्द ‘ज’ने संपतो म्हणून तो कशात जन्मलेला ठरत नाही. शिवाय फोड बरोबर असूनही अर्थ एकच निघेल असे नाही. ‘द्विज’ म्हणजे दोनदा जन्मलेला. पक्षी आधी अंडे म्हणून आणि मग पिलू म्हणून जन्मतो, दात पडून पुन्हा येतो, ब्राह्मणाचा उपनयनाने दुसरा जन्म मानतात. तिन्ही अर्थ खरे आहेत. ‘सायंकाळी द्विज घरट्याकडे परतले’ असे वाक्य दिले असेल तर निवाडा ‘घरटे’ करते. प्रश्नात वाक्य असेल तर ते पूर्ण वाचल्याशिवाय पर्यायांकडे वळू नका.

विरुद्धार्थी आणि शब्दसमूहाबद्दल एक शब्द, या दोन्ही प्रकारांत ‘अ’ आणि ‘आ’ मुलांना फार छळतात. ‘अजातशत्रू’तला अ नकाराचा आहे: ज्याला शत्रू जन्मलाच नाही असा. ‘आजानुबाहू’तला आ म्हणजे ‘पर्यंत’. जानू म्हणजे गुडघा, बाहू म्हणजे हात, म्हणून ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोहोचतात तो. पर्यायांत ‘अजानुबाहू’ हमखास ठेवलेले असते आणि घाईत तेच बरोबर वाटते. आमरण, आजन्म, आपादमस्तक हे सगळे याच ‘आ’चे. उलट, ‘अनिल’मधला अ नकाराचा नाहीच. तो ‘अन्’ म्हणजे श्वास घेणे या धातूतला, जो ‘प्राण’ शब्दातही आहे. म्हणून अनिल म्हणजे वारा. आरंभी अ दिसला की लगेच विरुद्धार्थी शोधू नये.

वाक्प्रचारात मात्र फोड कामाची नाही, उलट ती फसवते. ‘त्याने वडिलोपार्जित जमिनीवर पाणी सोडले’ याला पर्याय म्हणून ‘सिंचन केले’ दिलेले असते आणि जमीन व पाणी जवळजवळ दिसल्यामुळे मुले तेच निवडतात. दान देताना हातावर पाणी सोडून त्या वस्तूवरचा हक्क संपवण्याची रीत आहे, त्यातून हा अर्थ आला: हक्क सोडून देणे. ‘मेहनतीवर पाणी फिरले’ मध्ये पाणीच आहे, पण अर्थ वाया जाण्याचा. दोघांतला फरक ओळखायचा तर कर्त्याकडे पाहा. पाणी सोडणारा माणूस स्वतः ते करतो, पाणी फिरते ते त्याच्या इच्छेविरुद्ध. ‘पाणी जोखणे’ तिसरेच: समोरच्याची कुवत ओळखणे. असे वाक्प्रचार नुसते अर्थासह न लिहिता, प्रत्येकी स्वतःच्या एका वाक्यात बसवून लिहा. वाक्य सुचत नसेल तर तो वाक्प्रचार अजून कळलेला नाही, असे धरा.

आणि देशी शब्द, म्हणजे बोका, झोपडी, ढेकूण असे, कुठल्याच धातूच्या फोडीने उलगडत नाहीत. त्यांचे पान वेगळे ठेवा आणि तेवढेच रोज वाचा. पाठांतराचा वेळ खरा तिथे लागतो.