साठीला एनपीएसमधून नेमकं किती निवृत्तिवेतन मिळेल?

प्रश्न : मी केंद्र सरकारी कर्मचारी, वय ४५. एनपीएस खात्यात २० लाख आहेत. माझे आणि सरकारचे मिळून दरमहा २४ हजार जमा होतात. साठीनंतर महिन्याला किती मिळतील?

उत्तर : आधी साठीची रक्कम काढू. १५ वर्षं सरासरी ९ टक्के परतावा, दरमहा चक्रवाढीने, धरला तर आजचे २० लाख सुमारे ७६.८ लाख होतील आणि पुढच्या हप्त्यांचे सुमारे ९०.८ लाख. एकूण साधारण १ कोटी ६७ लाख. अनेकजण याच आकड्यावर निवृत्तिवेतन मोजतात आणि तिथेच चुकतात. सरकारी सभासदाला किमान ४० टक्क्यांची, म्हणजे ६७ लाखांची, ॲन्युइटी घ्यावी लागते. निवृत्तिवेतन येतं ते फक्त तेवढ्यावर. ॲन्युइटीचा दर ६ टक्के धरला तर महिन्याला सुमारे साडेतेहेतीस हजार, करापूर्वी.

पगार वाढेल, हप्ताही वाढेल, मग अंदाज कमी नाही का, असं आपण म्हणाल. खरं आहे, पण परतावा ७ टक्केच राहिला तर हाच हिशेब साडेसव्वीस हजारांवर येतो. शिवाय महागाई ५ टक्के असल्यास तेव्हाच्या साडेतेहेतीस हजारांची किंमत आजच्या सोळा हजारांएवढी, आणि नेहमीची ॲन्युइटी पुढे वाढत नाही. म्हणून उरलेले ६० टक्के खर्चून टाकू नका. त्यातला काही भाग ॲन्युइटीकडे वळवता येतो. पर्यायही तपासा : वारसाला मूळ रक्कम परत देणाऱ्या ॲन्युइटीत मासिक रक्कम कमी मिळते.