झाका, पण फुगवू नका : चकलीच्या भाजणीच्या पाच पोस्ट

दिवाळीच्या तोंडावर पुण्यातला एक घरगुती उद्योग चकलीची भाजणी विकायला काढणार होता. अर्ध्या किलोचं पाकीट, किंमत १८० रुपये, आत एक छोटी वाटी. ती भरून तेल घेतलं की त्या पाकिटाचं मोहन बरोबर होतं. एकूण पाकिटं ४००. विक्रीआधी टाकायच्या पाच पोस्ट माझ्याकडे दुरुस्तीला आल्या, त्या अशा :

१. काळी चौकट. 'एक वाईट बातमी आहे. उद्या सांगतो.'
२. 'आजीचं शंभर वर्षांचं गुपित.'
३. 'आता चकली कधीच बिघडणार नाही!'
४. 'पाकिटासोबत एक जबरदस्त भेट!'
५. 'फक्त ५० पाकिटं उरली!'

शेवटची पोस्ट आधी लिहावी. विक्रीच्या दिवशी काय सांगणार ते कागदावर आलं की मागे येत ठरवता येतं, यातलं काय झाकायचं. इथे झाकण्याजोगी गोष्ट एकच होती, ती वाटी. तारीख, किंमत आणि वजन लपवून कुतूहल वाढत नाही, लोक फक्त वैतागतात.

काळी चौकट टाळावी. 'वाईट बातमी' म्हणजे चकली बिघडते ही बातमी, असा खुलासा दुसऱ्या दिवशी होणार होता. तोवर नेहमीच्या गिऱ्हाइकांनी घरी फोन केले असते. फेब्रुवारी २०२४ मध्ये एका अभिनेत्रीच्या निधनाची खोटी पोस्ट गर्भाशयमुखाच्या कर्करोगाबद्दल जागृती म्हणून टाकली गेली. दुसऱ्या दिवशी ती जिवंत असल्याचं कळल्यावर लोकांचा राग त्या खोटेपणावर निघाला. भाजणीसाठी तर एवढा जीव टांगणीला लावायची गरजच नाही.

कुतूहल वाचणाऱ्याच्या स्वतःच्या अडचणीतून काढावं. पहिली पोस्ट बदलून अशी केली : कढईत विस्कटलेल्या चकलीचा फोटो आणि खाली, 'तुमची चकली हसते, की दगडासारखी कडक होते?' चकली 'हसली' म्हणजे काय, हे मराठी स्वयंपाकघरात समजावून सांगावं लागत नाही. लोक आपापली रड सांगू लागतात. दुसरी पोस्ट त्यातूनच निघाली : 'मोहन जास्त झालं की हसते, कमी पडलं की कडक. तुम्ही तेल कशाने मोजता?' यात वाटीचं नाव नाही, पण वाट तिकडेच जाते.

ज्याची खात्री देता येत नाही ते टाळावं. 'कधीच बिघडणार नाही' हे वाक्य मी सरळ खोडलं. वाटी मोहनापुरती मदत करते. पीठ सैल भिजवलं किंवा तेल पुरेसं तापलं नाही, तर चकली फसणारच. म्हणून तिसरी पोस्ट : 'मोहनाचा अंदाज आता आमच्यावर सोडा. पीठ भिजवणं आणि तळणं मात्र तुमच्या हातात.' आजीचं गुपितही गेलं. चौकशी केली तेव्हा कळलं, भाजणी हा उद्योग चालवणाऱ्या बाईंना त्यांच्या जावेने बारा वर्षांपूर्वी शिकवली. मग तसंच लिहिलं. मला तरी जाऊ आजीपेक्षा जास्त खरी वाटते.

पोस्ट टाकण्याआधी तिघांना विचारावं : 'काय येतंय असं वाटतं?' या सगळ्यात हीच पायरी मी कधी गाळत नाही. 'जबरदस्त भेट' वाचून दोघींनी सांगितलं, 'सोऱ्या फुकट असणार.' पोस्टमध्ये एक शब्दही खोटा नव्हता, तरी फसवणूक झालीच होती. सोऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईच्या हातात वाटी पडली तर ती चिडणारच. लोकांचा अंदाज मालापेक्षा मोठा निघाला, तर दोष पोस्टचा. नवा मजकूर : 'पाकिटात भाजणीसोबत एक लहानशी वस्तू आहे. मुठीत मावते.' पुन्हा विचारलं तेव्हा 'चमचा', 'सोऱ्याची चकती' अशी उत्तरं आली. एवढं चालतं.

प्रत्येक पोस्ट एकटी वाचून पाहावी. व्हॉट्सॲपवर चौथी पोस्ट पुढे जाते, पहिली तीन मागेच राहतात. तिच्या अर्थासाठी आधीच्या पोस्टचा टेकू लागत असेल, तर ती पुन्हा लिहावी. 'चकलीची भाजणी' आणि विक्रीची तारीख प्रत्येकीवर हवी.

खोटी घाई टाळावी. विक्री सुरूच झाली नव्हती, मग ५० उरली कशी? केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या 'डार्क पॅटर्न'विषयक मार्गदर्शक सूचनांत खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर आहे. पाचवी पोस्ट साधी झाली : 'या खेपेला ४०० पाकिटं. १८० रुपये. शनिवारी सकाळी दहापासून.'

चुकीचा अंदाज कळला की लगेच खोडावा. चौथ्या पोस्टखाली कुणी विचारलंच, 'सोऱ्या मिळणार का हो ताई?' बाईंच्या मनात होतं की डोळा मारणारं चित्र टाकून गंमत चालू ठेवावी. मी त्यांना उत्तर लिहून दिलं : 'नाही हो, सोऱ्या घरचाच लागेल. वस्तू त्याहून खूप लहान आहे.'