रोजचे आणि एकदाचे : कथेतील भूतकाळाची रूपे



जी गोष्ट रोज घडते ती कथेत कशी सांगितली जाते, हा एकच प्रश्न आपण या पाठात पाहणार आहोत. त्यासाठी पुढे एक छोटी कथा दिली आहे. ती याच पाठासाठी लिहिलेली आहे.

कथा समजण्यासाठी दोन गोष्टी ध्यानात घ्या. चाळीत एखाद्याच घरी फोन असे, त्या काळी इतर बिऱ्हाडांचे फोनही तिथेच येत. अशा क्रमांकाला ‘पीपी नंबर’ म्हणत. बोलावलेले माणूस येईपर्यंत फोन करणारा रिसीव्हर कानाला लावून थांबे. पुढे 2002 च्या सुमारास मुंबईतील सात आकडी क्रमांकांच्या आधी 2 लावून ते आठ आकडी करण्यात आले.

कथा

अकराच्या सुमारास नाना फोनपाशी बसत. दादरच्या चाळीतल्या तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचा नंबर त्यांना पाठ होता. कचेरीत असताना याच नंबरवर ते माईंना बोलावून घेत. माई तीन जिने उतरून येत. माई जाऊन आता बरीच वर्षे झाली होती. घरातला फोन बटणांचा होता, तरी प्रत्येक आकड्यानंतर नाना क्षणभर थांबत. शून्यानंतर जरा अधिक, जणू चकती परत जागेवर यायची आहे. सात आकडे झाले की ते स्वस्थ बसत. पलीकडे काही वेळ शांतता असे. मग नंबर तपासून पाहण्याची सूचना सुरू होई आणि नाना फोन ठेवून देत. सून म्हणे, “नाना, आता आधी दोन लावावा लागतो.” नाना मान हलवीत.

त्या सोमवारी सुनेने स्वतःच आधी दोन लावून नंबर जोडून दिला. घंटा वाजली. एका मुलीने फोन उचलला. “कोण हवंय?” नानांनी रिसीव्हर खाली ठेवला.

“लागला होता ना?” सुनेने विचारले.

“लागला होता,” नाना म्हणाले.

मंगळवारी अकरा वाजता नानांनी नंबर फिरवला. सात आकडे.

विवेचन

पहिल्या परिच्छेदातील ‘बसत’, ‘थांबत’, ‘होई’, ‘म्हणे’ ही रूपे पाहा. ही रीतिभूतकाळाची रूपे आहेत. अनेकदा घडलेली गोष्ट ती एकदाच सांगतात. फ्रेंच अभ्यासक झेरार जेनेत यांनी 1972 मध्ये कथनातील ‘वारंवारता’ या संकल्पनेखाली या पद्धतीचा विचार केला. मराठीत हाच अर्थ ‘थांबत असत’ आणि ‘थांबायचे’ या रूपांनीही व्यक्त होतो. ‘थांबायचे’ हे रूप बोलण्याच्या जवळचे आहे; ते वापरले असते तर घरातलेच कोणी नानांविषयी सांगत आहे असे वाटले असते. ‘थांबत’ या रूपाने निवेदक थोडा दूर उभा राहतो.

‘त्या सोमवारी’ या शब्दांपाशी रूप बदलते. ‘दिला’, ‘वाजली’, ‘उचलला’ हा साधा भूतकाळ आहे. रोजच्या गोष्टीतून एक दिवस वेगळा काढला गेला, हे वाचकाला क्रियापदावरूनच कळते.

मात्र ‘रोज’ हा शब्द दिसला की रीतिभूतकाळच येतो, असे समजू नका. ‘दहा वर्षे नानांनी रोज नंबर फिरवला’ हे वाक्यही शुद्ध आहे. त्यात ती दहा वर्षे एकत्र, बाहेरून पाहिलेली आहेत. ‘नाना रोज नंबर फिरवीत’ या वाक्यात आपण त्या दिवसांच्या आत असतो. म्हणून केवळ क्रियाविशेषण न पाहता क्रियापदाचे रूप पाहा.

आता शेवट पाहा. मंगळवारची कृती पूर्वीसारखीच आहे. पण निवेदक ‘फिरवीत’ म्हणत नाही, ‘फिरवला’ म्हणतो. दोन लावला की फोन लागतो, हे नानांना आता अनुभवाने ठाऊक आहे. तरीही ते सातच आकडे फिरवतात. म्हणून हा विसराळूपणा नाही. सवय इथे निर्णय झाली आहे. सात आकड्यांनंतरची शांतता ही माई जिना उतरत असतानाची शांतता आहे. आठवा आकडा ती मोडतो. कथा हे कुठेही सांगत नाही. ते एका क्रियापदाच्या रूपावर सोपवते.

‘फिरवला’ या रूपातील धातूकडेही लक्ष द्या. फोन बटणांचा आहे. चकती गेली, तरी तिच्यापासून आलेले क्रियापद मराठीत टिकले आहे. पहिल्या परिच्छेदात निवेदकाने हा शब्द टाळला आणि शेवटच्या ओळींसाठी राखून ठेवला.

स्वयं-अध्ययन

मंगळवारचे वाक्य ‘मंगळवारपासून नाना पुन्हा नंबर फिरवू लागले’ असे बदलून कथा वाचा. नानांविषयीचे तुमचे मत कसे बदलते, ते पाच-सहा ओळींत लिहा. उत्तरात ‘फिरवला’ आणि ‘फिरवू लागले’ या दोन रूपांतील फरक स्पष्ट झाला आहे ना, हे तपासा. केवळ नानांविषयी सहानुभूती व्यक्त झाली असेल, तर उत्तर अपुरे समजावे.