बाळाचे वजन : पौंड, औंस आणि अडीच किलोचा उंबरठा

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बाळ जन्मले की पहिला प्रश्न मुलगा की मुलगी, आणि दुसरा, "किती पौंडाचे आहे?" १९५६ साली वजनमापांचा दशमान कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात आले. तांदूळ, डाळ, मोहफूल सारे किलोवर गेले, पण तान्ह्या बाळाचे वजन मात्र पुष्कळ घरांत अजून पौंडातच सांगितले जाते. त्यात काही बिघडत नाही. बिघडते ते हे पौंड ग्रॅममध्ये बदलून वाढीच्या तक्त्यावर मांडताना.

माता-बाल संरक्षण कार्डावरील वाढीचा तक्ता किलोत असतो. त्यावरचा पहिला बिंदू म्हणजे जन्मवजन. पुढची सगळी तुलना याच बिंदूशी होते. हाच चुकीच्या जागी पडला तर पुढची वजने कितीही काटेकोर घेतली तरी त्यांचा अर्थ चुकीचा लागतो. पौंडातले वजन आजही तीन वाटांनी येते. एक म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून. दुसरी, अमेरिकेत बाळंत झालेल्या लेकीसुनांच्या कागदांवरून. तिसरी वाट हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यांची. त्यांपैकी काहींवर एकक बदलण्याचे बटण असते. ते नकळत दाबले गेले की पडद्यावर kg ऐवजी lb उमटते.

अशीच एक चिठ्ठी काही दिवसांपूर्वी माझ्या टेबलावर आली. मूल तालुक्यातील एक आजीबाई नातवाचे कार्ड घेऊन आल्या होत्या. बाळंतपण एका खाजगी दवाखान्यात झाले होते आणि चिठ्ठीवर जन्मवजन लिहिले होते पाच पौंड सहा औंस. सातव्या दिवशी आशाताई घरी आल्या, त्यांच्या काट्यावर बाळ २.३ किलो भरले. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने हिशेब करून सांगितले की बाळ चारशे ग्रॅमने सुकले. लगेच शेजारणींनी डब्याचे दूध सुरू करण्याचा सल्ला दिला. आजींचा प्रश्न एवढाच होता, "डॉक्टरसाहेब, आईचे दूध पुरत नाही काय?"

तर आता हा हिशेब आपण बरोबर करून पाहू.

एक पौंड म्हणजे ४५३.५९ ग्रॅम. एका पौंडात सोळा औंस असतात, म्हणून एक औंस होतो २८.३५ ग्रॅम. घरच्या हिशेबाला एवढे अपूर्णांक नकोत. पौंडांना ४५४ ने गुणावे, औंसांना २८ ने गुणावे आणि दोन्हींची बेरीज करावी. पहिला आकडा खऱ्यापेक्षा किंचित जास्त आणि दुसरा किंचित कमी धरला आहे. त्यामुळे चूक चार-पाच ग्रॅमच्या पुढे जात नाही, आणि तेवढी तक्त्यावर दिसतही नाही.

पाच पौंड गुणिले ४५४, झाले २२७०. सहा औंस गुणिले २८, झाले १६८. बेरीज २४३८ ग्रॅम. ग्रॅमचे किलो करण्यासाठी हजाराने भागले की २.४३८, म्हणजे जवळजवळ २.४४ किलो. तक्त्यावरचा बिंदू २.४ आणि २.५ च्या दरम्यान पडेल.

आता त्या मुलाने काय केले होते ते पाहू. त्याने पौंड म्हणजे अर्धा किलो धरला. बाजारातल्या अंदाजाला हे चालते, बाळाला चालत नाही. अर्ध्या किलोत पाचशे ग्रॅम, पौंडात साडेचारशेच्या जरा वर. दर पौंडामागे सेहेचाळीस ग्रॅम उगाच वाढतात. पाच-सहा पौंडांच्या बाळात ही वाढ अडीचशे ग्रॅमच्या घरात जाते. या हिशेबाने आपले बाळ २.६९ किलोचे ठरले. त्यातून २.३ वजा केले की सुमारे ३९० ग्रॅम घट, म्हणजे चौदा टक्के. असा आकडा पाहून कोणीही घाबरेल.

खरे जन्मवजन २४३८ होते. त्यातून २३०० गेले की घट उरते १३८ ग्रॅम, म्हणजे सहा टक्क्यांच्या आत. पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरतेच. अंगातले जादा पाणी आणि पहिली काळी शी बाहेर पडते आणि आईला दूध भरून यायला दोन-तीन दिवस लागतात. दहा टक्क्यांपर्यंतची घट सहसा या नेहमीच्या मर्यादेत धरली जाते, आणि दहा ते चौदा दिवसांत बाळ बहुधा जन्मवजनावर परत येते. बाळ नीट ओढून पीत होते आणि दिवसातून सात-आठ वेळा लघवी करत होते. डब्याच्या दुधाची काही गरज नव्हती. चौदाव्या दिवसाच्या वजनाची वाट पाहायला सांगितले.

पण म्हणून बाळ अगदी निर्धास्त, असेही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे जन्मवजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ते बाळ कमी वजनाचे. आपले बाळ २४३८ ग्रॅमचे, म्हणजे या उंबरठ्याच्या अलीकडचे. अर्धा किलोवाल्या हिशेबाने मात्र ते २.६९ म्हणजे उंबरठ्याच्या पलीकडे जाऊन बसले होते. एकाच चुकीने दोन उलट गोष्टी घडल्या : नसलेली भीती उभी राहिली आणि असलेली काळजी झाकली गेली.

आपल्या भागात ही झाकलेली काळजी क्षुल्लक नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५-९६ मध्ये गडचिरोलीच्या ३९ खेड्यांत जन्मलेल्या बाळांची घरोघर पाहणी केली, तेव्हा शंभरातली ४२ बाळे कमी वजनाची निघाली. म्हणजे आपल्याकडे या उंबरठ्याच्या आसपास बाळांची दाटी असते. जिथे सगळी बाळे साडेतीन किलोची असतात तिथे शंभर-दोनशे ग्रॅमच्या चुकीने फारसा फरक पडत नाही. इथे तेवढ्याने बाळ एका बाजूचे दुसऱ्या बाजूला जाते. कमी वजनाच्या बाळाच्या अंगावर चरबी कमी असते, ते लवकर गार पडते, ओढून प्यायला थकते आणि जंतुसंसर्गाला लवकर बळी पडते. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी लागते, दर दोन-तीन तासांनी उठवून पाजावे लागते, आंघोळीची घाई टाळावी लागते. ही खबरदारी घ्यायची की नाही हे आपण त्या पहिल्या आकड्यावरूनच ठरवतो.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. पाच पौंड सहा औंस हे कोणी '५.६ पौंड' असे लिहितो आणि पुढचा माणूस त्याला सरळ ४५४ ने गुणतो. उत्तर येते २५४२ ग्रॅम. खऱ्यापेक्षा जेमतेम शंभर ग्रॅम जास्त, म्हणून संशयही येत नाही. पण बाळ उंबरठा ओलांडून गेलेले असते. पौंडाचे सोळा भाग असतात, दहा नव्हेत, म्हणून औंस दशांश चिन्हापुढे लिहिता येत नाहीत. हीच चूक उलटही घडते. पाच पौंड दहा औंस खरे तर २५५० ग्रॅम. ते '५.१०' असे लिहिले तर हिशेबात ५.१ होते आणि उत्तर येते २३१५. चांगल्या वजनाचे बाळ कागदावर अशक्त ठरते.

मग चिठ्ठीवर '५.६' असेच लिहिलेले असेल तर काय करायचे? आधी ते कोठून आले ते विचारावे. काही इलेक्ट्रॉनिक काटे पडद्यावर फक्त lb दाखवतात आणि पौंडाचा दशांश भाग देतात. त्यांचे ५.६ हे खरोखरच पाच पूर्णांक सहा दशांश पौंड असते आणि तिथे ४५४ ने गुणणे बरोबर. दुसरे काटे lb आणि oz वेगवेगळे दाखवतात, तिथे पुढचा आकडा औंसांचा. दशांश चिन्हापुढे ११, १३ किंवा १५ असा आकडा दिसला तर ते बहुधा औंसच समजावेत. काहीच कळत नसेल तर दवाखान्यात विचारावे आणि नोंदवहीतला मूळ आकडा मागावा. अमेरिकेच्या कागदांवर बहुधा पौंडांशेजारी ग्रॅमही दिलेले असतात. तेच उतरवून घ्यावेत म्हणजे गुणाकाराचीच गरज नाही.

तोंडी सांगितलेल्या वजनाचे काय? आजी म्हणतात, "साडेपाच पौंडाचे होते." साडेपाच म्हणजे पाच पौंड आठ औंस, गणिताने २४९४ ग्रॅम, अडीच किलोला सहा ग्रॅम कमी. पण एवढ्या नेमकेपणाला इथे अर्थ नाही. माणसे वजन अर्ध्या पौंडाच्या पायरीने सांगतात, म्हणून त्यांचे साडेपाच म्हणजे सव्वापाच ते पावणेसहा यांमधले काहीही असू शकते. ते होते सुमारे २३८० ते २६१० ग्रॅम. उंबरठा नेमका मध्ये आहे. असे वजन तक्त्यावर पक्क्या बिंदूने मांडू नये. कार्डावर 'सांगीव, अंदाजे' असे लिहावे, बाळ कमी वजनाचे समजूनच जपावे आणि पहिले मोजलेले वजन तारखेसह मांडून पुढची वाढ त्यावरून पाहावी. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. तेव्हा ते वजन सहज मिळते.

आणखी एक सांगतो. गुणाकार कितीही बरोबर असला तरी वजन घेताना झालेली चूक त्याने भरून निघत नाही. बाळ दुपट्यासकट तोलले आणि दुपट्याचे वजन वजा केले नाही, तर तेवढे ग्रॅम बाळाच्या नावावर जमा होतात. बाळ ठेवण्यापूर्वी काटा शून्यावर आहे का आणि पडद्यावर kg आहे का, हे आधी पाहून घ्यावे. वजन शक्यतो उघड्या बाळाचे, पटकन घ्यावे आणि लगेच त्याला आईजवळ द्यावे.

कपाटाच्या दारावर लिहून ठेवायचे असेल तर एवढेच लिहा : पौंड गुणिले ४५४, औंस गुणिले २८, मग बेरीज. आणि त्याखाली, पाच पौंड आठ औंसांपर्यंतचे बाळ कमी वजनाचे, पाच पौंड नऊ औंसांपासून पुढचे अडीच किलोच्या वरचे. ग्रॅम काढले तरी चिठ्ठीवरचा पौंडांचा मूळ आकडा खोडू नका. शेजारी तो तसाच राहू द्या, म्हणजे हिशेबाची शंका आली तर कोणालाही तो पुन्हा करून पाहता येईल.