ताठ टॉवेल पुन्हा मऊ करताना

१. आधी दोष कशाचा, ते पाहावं. धुतलेला टॉवेल बादलीभर गरम पाण्यात, साबण न घालता, खळबळावा. फेस आला, पाणी निसरडं लागलं, तर साबण आत राहिलाय. पाणी स्वच्छच राहिलं, आणि घरातल्या नळांवर पांढरे चट्टे असतील, तर दोष क्षारांचा. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे दोन्ही एकत्र होतं. जड पाण्यात फेस कमी येतो, म्हणून पावडर जास्त पडते आणि तीच धाग्यांत अडकते.

२. उपाय दोन टप्प्यांत करावा, आणि क्रम उलटवू नये. आधी साध्या गरम पाण्यात तासभर भिजवून पिळायचं. फेस येणं थांबेपर्यंत पाणी बदलायचं. मग दहा लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अॅसिड, म्हणजे वाण्याकडचं लिंबाचं फूल, विरघळवून त्यात टॉवेल तासभर ठेवायचे. आम्लात क्षार विरघळतात. पण धाग्यांत साबण उरलेला असताना आम्ल घातलं तर साबण फुटून त्याचा तेलकट थर टॉवेलवरच बसतो. म्हणून साबण आधी काढायचा. शेवटी साध्या पाण्यातून दोनदा काढावं. रंग जाणारे कपडे एका कोपऱ्यावर तपासून घ्यावेत. लोकर आणि रेशीम यात घालूच नयेत. आणि ब्लीचच्या पाण्यात हे आम्ल कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

३. खळबळण्याचा हिशेब मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पिळलेल्या टॉवेलमध्ये लिटरभर साबणाचं पाणी उरलं आहे असं धरू. तो दहा लिटरमध्ये एकदाच खळबळून तसाच पिळला, तर अकरावा हिस्सा साबण राहतो. तेच दहा लिटर पाच-पाच करून दोनदा वापरलं, मध्ये घट्ट पिळलं, तर छत्तिसावा हिस्साच उरतो. पाणी तेवढंच, साबण एक-तृतीयांशाहूनही कमी. म्हणजे टंचाईतही कपडे नीट निघतात, फक्त मधली पिळणी चुकवायची नाही. मशीन असेल तर ती अर्धी-पाऊण भरावी आणि जादा रिन्स लावावा. गच्च भरलेल्या ड्रममध्ये मधल्या कपड्यांपर्यंत पाणी नीट पोचत नाही.

४. टॉवेलला फॅब्रिक सॉफ्टनर नको. हाताला मऊ लागतं, पण धाग्यांवर थर बसून टॉवेल पाणी टिपेनासा होतो.

५. वाळत घालण्याआधी दोन्ही टोकं धरून जोरात झटकावा, वाळल्यावर पुन्हा एकदा. वारा नसलेल्या खोलीत वाळलेला सुती टॉवेल स्वच्छ असूनही थोडा ताठ होतो. तो दोष धुण्याचा नाही, हाताने चोळला की जातो.

६. बोअरचं पाणी तेच राहणार, त्यामुळे क्षार पुन्हा बसणारच. टॉवेल कडक लागू लागले की लिंबाच्या फुलाचं पाणी पुन्हा करावं. पावडर मात्र आजपासूनच थोडी कमी घालून पाहा. कपडे तितकेच स्वच्छ निघाले, तर तेच माप कायम ठेवा.